हार्ट फेल्युअर: घरचं वजन, पाण्याचं माप आणि डॉक्टरांना फोन करायची वेळ

प्रश्न: वडिलांना (वय ६८) हार्ट फेल्युअरमुळे अ‍ॅडमिट केलं होतं, आठ दिवसांपूर्वी घरी आणलं. सोबत एक कागद मिळाला: रोज वजन करा, पाणी दीड लिटर, वजन एका दिवसात १ किलो किंवा आठवड्यात २ किलो वाढलं तर कळवा. हॉस्पिटलमधून निघताना वजन ६५.२ होतं. घरच्या काट्यावर दुसऱ्या दिवशी ६४.०, काल ६४.३ आणि आज ६४.९ आलं. आता तुलना नेमकी कशाशी करायची? आज फोन करावा का? दीड लिटरमध्ये चहा-दूध धरायचं का? तहानेने ते फार त्रासतात, आणि दर वेळी डॉक्टरांना फोन करायला संकोच वाटतो.

उत्तर:

आधी आजच्या आकड्याचं बोलू. कागदावरची सीमा आज ओलांडली गेलेली नाही. पण आकडा ज्या दिशेने चाललाय, ती मला आवडलेली नाही. म्हणून आत्ता वडिलांजवळ जा आणि तीन गोष्टी बघा. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या जरा वर, अंगठा पाच-दहा सेकंद दाबून धरा आणि उचलल्यावर खड्डा राहतो का ते बघा. काल रात्री नेहमीपेक्षा एखादी उशी जास्त लागली का, किंवा दम लागून उठून बसावं लागलं का, हे विचारा. आणि घरातल्या घरात चालताना परवापेक्षा लवकर थांबावं लागतंय का, तेही विचारा. यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर आजच फोन करा, किलो पूर्ण व्हायची वाट बघू नका. तिन्ही ‘नाही’ असतील तर उद्या सकाळी नीट वजन करा. उद्या ते उतरलं तर ठीक. तेवढंच राहिलं किंवा वाढलं, तर उद्या सकाळीच कळवा.

मी गेली १६ वर्षं हार्ट फेल्युअरच्या रुग्णांसोबत नर्स म्हणून काम करते, आणि घरी जाणाऱ्या माणसाला हा कागद समजावून देणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. औषधांचे डोस मी इथे सांगणार नाही. रक्तदाब, किडनीचं काम आणि रक्तातलं सोडियम-पोटॅशियम बघितल्याशिवाय ते कुणालाच सांगता येत नाहीत. पण तुमच्या कागदात जे राहून गेलंय ते सांगू शकते. त्यावर नियम आहेत, पण तुमच्या वडिलांचा स्वतःचा आकडा नाही. ‘२ किलो वाढलं तर’ असं लिहिलंय, पण कशापासून वाढलं ते लिहिलेलं नाही. तुमचा सगळा गोंधळ त्या एका रिकाम्या जागेतून आलाय.

त्या आकड्याला आम्ही ‘कोरडं वजन’ म्हणतो. अंगात जादा पाणी साचलेलं नाही, पायावर सूज नाही, माणूस आडवा होऊन शांत झोपू शकतो आणि उठल्यावर चक्करही येत नाही, अशा स्थितीतलं वजन म्हणजे कोरडं वजन. उपचार नीट झाले असतील तर डिस्चार्जच्या वेळचं वजन साधारण याच्या जवळ असतं. पण हॉस्पिटलमधला काटा आणि घरचा काटा सहसा जुळत नाहीत. तिथे वजन दुपारी झालं असेल, कपडे अंगावर असतील, जेवण झालेलं असेल. त्यामुळे ६५.२ आणि ६४.० मध्ये जो सव्वा किलोचा फरक दिसतोय तो वडिलांच्या अंगातला असेलच असं नाही, बहुधा तो काट्यांतला आणि वेळेतला आहे. यापुढे ६५.२ बाजूला ठेवा. घरी आल्यानंतरच्या पहिल्या सकाळी, घरच्या काट्यावर आलेले ६४.० हा तुमचा पाया. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारा, ‘यांचं कोरडं वजन आमच्या काट्यावर ६४ धरू का?’ त्यांनी सांगितलेला आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

वजनावर आमचा एवढा भर का, तेही सांगते, कारण कारण कळलं की माणूस काट्यावर रोज उभा राहतो. हृदयाचा पंप कमी पडला की किडनीला रक्त कमी पोचतं. किडनीला वाटतं शरीरात पाणी कमी झालंय, म्हणून ती मीठ आणि पाणी धरून ठेवते. असं साठलेलं एक लिटर पाणी काट्यावर एक किलो दिसतं. चरबी या वेगाने वाढत नाही. एक किलो चरबी चढायला सात हजारांहून जास्त कॅलरी जादा खाव्या लागतात, आणि ते एका रात्रीत होत नाही. सूज मात्र डोळ्यांना उशिरा दिसते. पायावर खड्डा पडायला लागेपर्यंत कित्येकांच्या अंगात दोन-तीन लिटर पाणी साचून गेलेलं असतं. हॉस्पिटलमध्ये परत भरती झालेल्या रुग्णांच्या वजनाचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांचं वजन भरतीच्या आठवडाभर आधीपासून चढायला लागल्याचं दिसलं. हा आठवडा हातात असतो. तेवढ्यात कळवलं तर बऱ्याच वेळा औषधात बदल करून भागतं.

आता वजन करायचं कसं. सकाळी उठल्यावर, लघवी करून आल्यानंतर, काहीही खाण्यापिण्याआधी, रोज साधारण तेवढ्याच हलक्या कपड्यांत, चपला काढून. काटा १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल असावा आणि कडक, सपाट फरशीवर एकाच जागी ठेवलेला असावा. सतरंजी किंवा गालिच्यावर तो चुकतो. पहिल्या दिवशी एक परीक्षा करून बघा: पाच मिनिटांत तीनदा वजन करा. तिन्ही आकडे २०० ग्रॅमच्या आत जुळायला हवेत. जुळले नाहीत तर आधी बॅटरी आणि जागा बदला, तरीही फरक राहिला तर काटाच बदला. वडिलांचा तोल जात असेल तर तुम्ही शेजारी उभे राहा, पण काट्यावर असताना त्यांना भिंतीला किंवा तुमच्या खांद्याला धरू देऊ नका. नुसत्या हाताच्या आधाराने किलो-दीड किलो कमी दिसलेलं मी पाहिलंय. एखादी सकाळ चुकली तर संध्याकाळी वजन करून ते त्या रकान्यात लिहू नका. दिवसभराच्या खाण्यापिण्यामुळे संध्याकाळचं वजन एरवीही जास्तच येतं. रकाना रिकामा सोडा.

आकडा आला की त्याची तुलना दोन ठिकाणी करायची: कालच्या आकड्याशी आणि पायाच्या आकड्याशी. बहुतेक घरांत फक्त पहिली तुलना होते, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

एका रुग्णाचं उदाहरण देते, आकडे जसे वहीत होते तसेच. सत्तरीच्या बाई, कोरडं वजन ५८.०. मुलगी अगदी काटेकोर, एक सकाळ चुकवली नाही. सोमवारी ५८.२, मंगळवारी ५८.५, बुधवारी ५८.९, गुरुवारी ५९.३, शुक्रवारी ५९.६, शनिवारी ६०.१. कालच्यापेक्षा आज किती वाढलं एवढंच ती बघत होती, आणि एकाही दिवशी वाढ अर्ध्या किलोच्या वर गेली नव्हती. तिच्या हिशेबाने सगळं ठीक होतं. पण पायापासून मोजलं तर सहा दिवसांत २.१ किलो चढले होते, म्हणजे जवळपास दोन लिटर पाणी. रविवारी पहाटे आईला बसून झोपावं लागलं, तेव्हा तिने आम्हाला फोन केला. वही मागवून मी आकडे वाचले तेव्हा मला वाईट वाटलं, कारण आमच्या कागदावर तेव्हा ‘कोरड्या वजनापासून’ हे दोन शब्दच नव्हते. चूक तिची नव्हती. त्यानंतर मी आमचा कागद बदलून घेतला.

त्यात आणखी एक गोष्ट होती. वजन चढायला लागलं त्याच्या आदल्या दिवसापासून बाई गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक घेत होत्या, घरात पूर्वीची उरलेली. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणि त्या गटातल्या वेदनाशामक गोळ्या किडनीला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतात आणि लघवीच्या गोळीचा परिणाम बोथट करतात. डॉक्टरांनी ती गोळी बंद केली, लघवीच्या गोळीचा डोस काही दिवसांपुरता वाढवला आणि किडनी-पोटॅशियमची रक्ततपासणी करून घेतली. पाचव्या दिवशी वजन ५८.३ वर आलं आणि डोस पहिल्यासारखा केला. गुरुवारी ५९.३ आले, म्हणजे चार दिवसांत १.३ किलो, तेव्हाच फोन आला असता तर ती रविवारची पहाट टळायची शक्यता बरीच होती.

म्हणून वजन अचानक चढायला लागलं की घरात आधी तीन गोष्टी विचारायच्या. नवीन गोळी सुरू झाली का, विशेषतः दुखण्यावरची, स्टेरॉइडची किंवा पाण्यात विरघळणारी? (विरघळणाऱ्या गोळ्यांत सोडियम बरंच असू शकतं.) लघवीची गोळी राहून गेली का? आणि गेल्या दोन दिवसांत खारट किंवा पाकिटबंद पदार्थ जास्त खाल्ले गेले का? उत्तर काहीही आलं तरी फोन चुकवायचा नाही, पण फोनवर ते सांगितलं की डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

तुमच्या कागदावरची सीमा, दिवसाला १ किलो आणि आठवड्याला २ किलो, ही नेहमीची आहे. दुसऱ्या ठिकाणी तुम्हाला ‘३ दिवसांत २ किलो’ असंही लिहिलेलं दिसेल. यात खरं-खोटं काही नाही. कुणाचा पंप किती कमजोर आहे, शरीर केवढं आहे, पूर्वी किती लवकर बिघडलं होतं, यावर डॉक्टर ती ठरवतात. ४५ किलोच्या माणसाला २ किलो म्हणजे बरंच झालं, ९५ किलोच्या माणसाला तेवढं नाही. तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेला आकडा पाळा, दुसऱ्याच्या कागदावरचा नको.

पण वजनाचा काटा सगळंच सांगत नाही. काही जणांचा दम वाढतो, ते भरतीही होतात, आणि वजन मात्र फारसं हललेलं नसतं. कधी पोटाच्या शिरांमधलं रक्त छातीकडे सरकतं आणि एकूण पाणी तेवढंच राहतं. कधी भूक गेलेली असते, मांस झडत असतं आणि त्याच्या जागी पाणी साचत असतं, म्हणून काटा स्थिर दिसतो. हे दुसरं फार फसवं आहे. तीन-चार महिन्यांत मनगटं आणि मांड्या बारीक झाल्या, जुने कपडे ढिले झाले, तरी वजन ‘अगदी छान, तेवढंच’ असेल तर ते छान नाही. म्हणून कोरडं वजन एकदाच ठरवून चालत नाही. दर तपासणीला ते परत ठरवून घ्यायचं. आणि वहीत वजनाच्या शेजारी आणखी दोन रकाने ठेवायचे: उशा किती, आणि सूज कुठपर्यंत. रोज वीस सेकंदांचं काम आहे.

आता पाण्याकडे येते. हो, चहा, दूध, ताक, सरबत, सूप, फळांचा रस, बर्फ, आइसक्रीम आणि गोळ्या गिळताना घेतलेलं पाणी, सगळं दीड लिटरमध्ये धरायचं. साध्या तापमानाला जे वाहतं ते द्रव. शिजवलेल्या घट्ट अन्नातलं किंवा सबंध फळातलं पाणी सहसा मोजत नाहीत. तुमच्या डॉक्टरांनी ‘पाणी दीड लिटर’ म्हणताना सगळे द्रव धरले होते की नुसतं पाणी, हे मात्र एकदा विचारून घ्या. बहुतेक वेळा सगळे द्रवच अभिप्रेत असतात.

डोक्यात हिशेब ठेवून हे जमत नाही. माझ्या रुग्णांना मी एकच पद्धत सांगते. सकाळी एका जगमध्ये मोजून दीड लिटर पाणी भरायचं. प्यायचं पाणी त्यातूनच घ्यायचं. चहा प्यायले तर तेवढाच कप जगमधून भरून ओतून टाकायचा, झाडाला घातला तरी चालेल. सूप घेतलं, तेवढं ओतायचं. जग रिकामा झाला की त्या दिवसाचं संपलं. किती उरलंय हे वडिलांना स्वतःला दिसतं, कुणाला ‘आता पुरे’ म्हणावं लागत नाही, आणि घरातली निम्मी कुरबूर तिथेच थांबते. त्याआधी घरातले कप आणि पेले एकदा मोजून घ्या. १५० मिलीचा वाटणारा कप कधी २२० मिलीचा निघतो, आणि दिवसाला चार कप झाले की तिथेच पाव लिटरहून जास्त फरक पडतो.

तहानेचं मात्र मी हलक्यात घेत नाही. तहान हा त्रास आहे, त्यात हट्टाचा भाग फार थोडा. लघवीच्या गोळीने तोंड कोरडं पडतं, आणि हार्ट फेल्युअरमध्ये शरीर जी संप्रेरकं सोडतं ती स्वतःच तहान वाढवतात. ‘नाही म्हणजे नाही’ असं म्हणण्याआधी मीठ बघा. खारट खाल्लं की तहान लागणारच, आणि ते मीठ पाणी धरूनही ठेवतं. मीठ तसंच ठेवून नुसतं पाणी कापलं तर माणसाचे हाल होतात आणि हाती फार काही लागत नाही. मीठ कमी करताना ‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणून मिळणारी पाकिटं डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. त्यांत पोटॅशियम असतं, आणि हार्ट फेल्युअरची काही औषधं आधीच पोटॅशियम वाढवतात. दोन्ही मिळून ते धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. तहानेसाठी छोटा पेला वापरा, गार पाण्याने चूळ भरून थुंकू द्या, बर्फाचा लहान तुकडा चघळायला द्या (तो मापात धरून), ओठांना मलम लावा. शक्य असेल तर गोळ्या जेवणाच्या वेळी, जेवणातल्याच पाण्याबरोबर द्या. तेवढ्याने दिवसाचं एक-दीड पेला पाणी वाचतं.

आणि दीड लिटर ही दगडावरची रेघ नाही. नेदरलँड्समध्ये झालेला एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तब्येत स्थिर असलेल्या, घरी राहणाऱ्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांपैकी निम्म्यांना दीड लिटरची मर्यादा दिली आणि निम्म्यांना हवं तेवढं पिऊ दिलं. तीन महिन्यांनी दोन्ही गटांच्या तब्येतीत ठळक फरक दिसला नाही, तहानेचा त्रास मात्र मर्यादा असलेल्यांना जास्त झाला. याचा अर्थ तुम्ही उद्यापासून मर्यादा सोडावी असा मी काढत नाही. तुमचे वडील आठच दिवसांपूर्वी हॉस्पिटलमधून आलेत, ते अजून त्या ‘स्थिर’ गटात बसत नाहीत. शिवाय रक्तातलं सोडियम कमी असेल तर मर्यादेचं कारण वेगळं असतं आणि ती जास्त काटेकोर पाळावी लागते. पण महिन्या-दोन महिन्यांनी वजन टिकलं, सूज नसली, तर डॉक्टरांना जरूर विचारा, ‘मर्यादा थोडी सैल करता येईल का?’ हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

एका प्रसंगी मात्र हीच मर्यादा घातक ठरते. जुलाब, उलट्या, ताप, किंवा कडक उन्हात भरपूर घाम. शरीरातलं पाणी बाहेर जात असताना घरचे कागद बघून दीड लिटरवर अडून राहतात आणि लघवीची गोळीही वेळेवर देत राहतात. असे एक गृहस्थ आमच्याकडे आले होते. दोन दिवस जुलाब, वजन कोरड्या वजनाच्या २.४ किलो खाली, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, लघवी जेमतेम. किडनीचे आकडे बिघडलेले होते. त्यांच्या मुलाने सांगितलेलं सगळं पाळलं होतं. वजन वाढलं तर कळवा एवढंच त्याला माहीत होतं, घटलं तर काय हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून तुमच्या कागदावर आजच एक ओळ वाढवा: वजन कोरड्या वजनाच्या २ किलो खाली गेलं, किंवा जुलाब-उलट्या सुरू झाल्या, किंवा उठताना चक्कर येतेय, तर त्याच दिवशी फोन. लघवीची गोळी, रक्तदाबाची गोळी, मधुमेहासाठीही वापरल्या जाणाऱ्या ज्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात त्या, यातलं काय थांबवायचं आणि किती दिवस, हे डॉक्टर सांगतील. स्वतःच्या मनाने सगळं बंद करू नका, आणि न कळवता सगळं चालूही ठेवू नका.

आता फोनचा संकोच. तुम्ही लिहिलंय की दर वेळी फोन करायला नको वाटतं. फोनच्या या बाजूला बसणारी म्हणून सांगते, लवकर आलेला फोन पाच मिनिटांत संपतो. उशिरा आलेला फोन रात्री येतो आणि तेव्हा माणूस बोलू शकत नसतो. संकोच कमी व्हावा म्हणून मी कागदावर फोनच्या दोनच पायऱ्या ठेवते.

पहिली, ‘आज, कामाच्या वेळेत’. वजन सीमेबाहेर गेलं, वर किंवा खाली. सूज नवीन आली किंवा घोट्यावरून गुडघ्याकडे सरकली. एक उशी वाढली. रात्री झोपल्यावर कोरडा खोकला येतो आणि उठून बसलं की थांबतो. पोट फुगलंय, चार घासांत भरल्यासारखं वाटतं (हेही पाणीच असतं, आतड्यांभोवतीचं आणि यकृतातलं, आणि लोक आठवडाभर त्यावर अपचनाची औषधं घेत बसतात). चपलेचा पट्टा लावायला वाकलं की अर्ध्या मिनिटात दम लागतो. काल सहज चढलेल्या पायऱ्या आज चढवत नाहीत. यातलं एक पुरेसं आहे.

दुसरी, ‘आत्ता, कितीही वाजले असले तरी’, आणि इथे क्लिनिकला फोन लावत बसायचं नाही, अँब्युलन्स बोलवायची. बसल्या जागी दम लागतोय, वाक्य पुरं होत नाही. आडवं होताच येत नाही. खोकल्यातून गुलाबी फेस येतोय. छातीत दाबल्यासारखं दुखतंय. शुद्ध हरपली, किंवा माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागला. ओठ निळसर पडले, हातपाय गार आणि घामेजलेले. अशा वेळी त्यांना पाय खाली सोडून ताठ बसवा, आडवं करू नका. शुद्धीवर नसतील तर मात्र कुशीवर वळवा, श्वास थांबलाय असं वाटलं तर मदत पोचेपर्यंत छातीवर दाब द्यायला लागा, आणि कसा द्यायचा ते अँब्युलन्सच्या फोनवर विचारा. गाडी स्वतः चालवत नेऊ नका. लघवीची जादा गोळी देऊन ‘बघू तासाभरात’ असं तर मुळीच नको. तोंडाने घेतलेल्या गोळीचा परिणाम सुरू व्हायलाच तासभर लागू शकतो, आणि आतड्याला सूज असेल तर त्याहून जास्त.

काही डॉक्टर रुग्णाला आधीच लेखी सांगून ठेवतात, की वजन इतकं झालं तर लघवीची एक गोळी जास्त, इतके दिवस, आणि मग कळवा. ही पद्धत चांगली आहे, पण ती प्रत्येकासाठी नसते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत अशी परवानगी आहे का, हे पुढच्या भेटीत विचारा, आणि असेल तर गोळीचं नाव, किती आणि किती दिवस हे त्यांच्याच हाताने लिहून घ्या. लेखी नसेल तर आपल्या मनाने जादा गोळी द्यायची नाही.

तुमच्या कागदाचं वरचं टोक आज असं लिहा, आणि तो काट्याच्या वरच्या भिंतीवर चिकटवा: ‘कोरडं वजन ६४.० (घरचा काटा). कालच्यापेक्षा १ किलोने जास्त, किंवा ६६.० ला पोचलं, तर फोन. ६२.० ला आलं तर फोन. सगळे द्रव मिळून दीड लिटर.’ खाली दोन फोन नंबर, एक दिवसाचा, एक रात्रीचा. मी ६६ आठवड्याला बांधलेलं नाही, मुद्दाम. सात दिवसांत चढलं काय नि दहा दिवसांत चढलं काय, पाणी तेवढंच आहे.

फोन केल्यावर काय बोलायचं याचीही तयारी ठेवा, म्हणजे समोरची व्यक्ती लगेच निर्णय घेऊ शकते. उद्या सकाळी गरज पडलीच तर हे वाचून दाखवा: ‘वडील, वय ६८, हार्ट फेल्युअर, डिस्चार्जला नऊ दिवस झाले. घरच्या काट्यावर कोरडं वजन ६४.०, काल ६४.९, आज इतकं. उशा इतक्या, सूज इथपर्यंत, दम असा. लघवीची गोळी ही, एवढी, रोज घेतलीय. नवीन औषध सुरू झालेलं नाही,’ किंवा झालं असेल तर ते कोणतं. रक्तदाब आणि नाडी मोजता येत असेल तर तेही सांगा. उद्याचं वजन काय आलं ते इथे लिहा, मी बघते. पण आधी फोन तिकडे, मग इथे.